सुगतच्या लशींचं इंग्रजी

निरोगी बालक हीच राष्ट्राची खरी संपत्ती. आणि त्या संपत्तीची एकेक नोंद शासन जिवापाड जपतं.

यातलं पहिलं वाक्य दवाखान्याच्या दर्शनी भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं होतं. दुसरं चंपतरावांनी तोंडी सांगितलं. चंपतराव म्हणजे तिथले हेड क्लार्क. ते हे सांगत होते तेव्हा १९७९ सालची लसीकरणाची नोंदवही त्यांच्या पाठीमागे, कूलरच्या डाव्या पायाखाली होती. फरशी त्या बाजूला उतरती होती. खरं म्हणजे जुलै लागला होता, कूलरची गरज संपली होती. पण तो हलवण्याचा आदेश आलेला नव्हता.

दवाखाना अमरावती रोडवर, ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या मागे. सरकारी. नाव सांगत नाही. सांगितलं तर लोक औषध घ्यायला जातील.

चंपतरावांसमोर उभी होती कौसल्या सोमकुवर. प्राथमिक शाळेत मास्तरीण. नवरा चंद्रभान दोन वर्षांपासून अमेरिकेत, ओहायो नावाच्या राज्यात, विद्यापीठाच्या पैशावर धातुशास्त्रात डॉक्टरेट करत होता. आता बायको आणि साडेसहा वर्षांचा मुलगा सुगत, दोघांनी ऑगस्टमध्ये तिकडे जायचं ठरलं होतं. सुगतची शाळेतली जागाही ठरली होती. अडलं होतं ते एका पत्रापाशी.

पत्र तिथल्या शाळेच्या नर्सनं लिहिलेलं. मुलाला जिथं लशी दिल्या त्या दवाखान्याच्या नावानं. मजकूर साधा होता : मुलाच्या लसीकरणाची नोंद, गोवर, गालगुंड आणि जर्मन गोवर धरून, इंग्रजीत भाषांतर करून, प्रत्येक डोसच्या तारखेसह, दवाखान्याच्या कागदावर द्यावी. खाली डॉक्टरची, किंवा ज्या अधिकृत व्यक्तीनं लस दिली तिची सही असावी आणि शिक्का असावा. नोंद मिळाली नाही तर मुलाला काहीच लस दिलेली नाही असं धरलं जाईल, सगळे डोस पहिल्यापासून सुरू होतील, आणि शाळा सुरू झाल्यापासून चौदा दिवसांत कागद आला नाही तर मुलाला वर्गात बसता येणार नाही.

"घरी कार्ड असंन ना?" चंपतरावांनी विचारलं.

कौसल्यानं कार्ड टेबलावर ठेवलं. सुगत झाला तेव्हा ते दवाखान्याजवळच, वाडी या वस्तीत, भाड्याच्या खोलीत राहत. तिथल्या पत्र्यातून गळलेल्या पाण्यानं कार्डाची शाई पसरून सगळ्या लशींची एकच लस झाली होती.

"हे काही वाचता येऊन नाही राहिलं," चंपतराव म्हणाले.

"म्हणूनच नोंदवहीतून पाहिजे."

"नोंदवही पाहू. पण आधी हे पत्र आवकमध्ये घ्यावं लागंन. आणि हे पत्र इंग्रजीत आहे." त्यांनी ड्रॉवरमधून एक परिपत्रक काढलं, त्यावरची धूळ फुंकली. "कार्यालयाचं समस्त कामकाज मराठीतून. इंग्रजी पत्र फाईलले लावता येत नाही. मराठी भाषांतर आणा, मंग आवक नंबर टाकतो."

"म्हणजे तुम्ही मराठीचं इंग्रजी करावं, म्हणून मी आधी तुम्हाला इंग्रजीचं मराठी करून द्यायचं?"

"मॅडम, तुम्ही शिकवता वाटते कुठं," चंपतराव कौतुकानं म्हणाले. "लवकर समजलं तुम्हाले."

हा सोमवार.

मंगळवारी कौसल्या पत्राचं मराठी भाषांतर घेऊन आली. शाळेच्या तपासायच्या वह्यांत असतात तशा लाल-निळ्या रेघांच्या कागदावर, सुवाच्य अक्षरात, एक ओळ न गाळता. चंपतरावांनी ते वाचलं, दोन ठिकाणी स्वल्पविराम घातला आणि आवक क्रमांक दोनशे चौदा टाकला. मग टिपणी लिहून फाईल आत डॉक्टरकडे पाठवली. आत म्हणजे दोन पावलांवर, पडद्यामागे.

डॉक्टर शरच्चंद्र पांढरीपांडे वाईट मनुष्य नव्हते. त्यांना कोणाचंही काम अडवायला आवडत नसे. फक्त करायलाही आवडत नसे. त्यांनी मराठी भाषांतरावर कोपऱ्यात 'पाहिले' लिहून बारीक सही केली आणि कौसल्याला बसायला सांगितलं.

"काय आहे ना, मॅडम, यात दोन कामं आहेत. एक प्रमाणित करणं, एक भाषांतर करणं. भाषांतर हे वैद्यकीय काम नाही. ते तुम्ही बाहेरून करून आणा."

"आणते. मग तुम्ही ते प्रमाणित कराल?"

"इंग्रजी कागद कसा प्रमाणित करणार? परिपत्रक आहे."

डॉक्टर हे सांगत असताना समोरच्या चिठ्ठीवर एका म्हातारबाचं औषध लिहीत होते. ते इंग्रजीत होतं. म्हणजे इंग्रजीत असावं. त्यांची चिठ्ठी कोणत्या भाषेत असते याबद्दल समोरच्या औषधवाल्याचं मत वेगळं होतं.

कौसल्याचं तोंड पाहून डॉक्टरांना कणव आली. त्यांनी आवाज खाली घेतला. "एवढा त्रास कशाला करून घेता? माझ्याकडे सोपा उपाय आहे." त्यांनी ड्रॉवर उघडला. आत सायक्लोस्टाइल केलेल्या दाखल्यांचा गठ्ठा होता. एका बाजूला मराठी, मागच्या बाजूला इंग्रजी. 'सदर बालकास सर्व प्रकारच्या लशी वेळच्या वेळी देण्यात आल्या आहेत.' खाली सही अगोदरच केलेली. शाळेत नाव घालायच्या दिवसांत रांगा लागतात, म्हणून डॉक्टर मे महिन्यातच शंभरेक सह्या करून ठेवत.

"यात फक्त नाव टाकायचं. तारखा पाहिजेत तर तारखाही टाकू. छान महिन्या-महिन्याच्या अंतरानं. त्या अमेरिकेच्या बाईंनी गोवर, गालगुंड असलं काहीबाही मागितलंय, तेही टाकून देऊ."

"गोवराची लस तर आपल्याकडे देतच नाहीत," कौसल्या म्हणाली.

"देत नाहीत. पण लिहायला काय हरकत आहे?"

"आणि याला परिपत्रक आड येत नाही? मागे इंग्रजी आहे ना?"

"हा नमुना आहे, मॅडम. नमुन्याला भाषा नसते."

कौसल्यानं दाखला हातात घेतला. वाचला. परत टेबलावर ठेवला.

"मला खोटा नको," ती म्हणाली. "माझ्या मुलाला खरंच लशी दिल्या आहेत. ज्या दिवशी दिल्या, त्या दिवसाची तारीख पाहिजे. नाही दिली, ती नाही दिली म्हणून पाहिजे."

डॉक्टरांनी तिच्याकडे, एखाद्या रोग्यानं ऑपरेशन टेबलावरून उठून बिल मागावं, तसं पाहिलं. त्यांच्या नोकरीत खोटा दाखला नाकारणारं माणूस पहिल्यांदाच आलं होतं. त्यासाठी काही नमुना नव्हता.

पडद्याच्या बाहेर इंदूबाई नाकाडे उभ्या होत्या. इंदूबाई तिथल्या नर्स. बावीस वर्षं नोकरी, त्यातली अठरा याच दवाखान्यात. दर बुधवारी लस टोचायच्या त्या, वहीत लिहायच्या त्या, आणि सही करायच्याही त्याच. त्यांनी सगळं ऐकलं होतं. दवाखान्यातल्या पडद्यामागचं सगळ्यांनाच ऐकू येतं.

"कोणता साल गा चंपतराव?" त्यांनी बाहेरूनच विचारलं.

"एकोणऐंशी."

इंदूबाई कूलरपाशी गेल्या, खांद्यानं त्याला रेटा दिला आणि नोंदवही ओढून काढली. कूलर डावीकडे कलला, आतलं उरलंसुरलं पाणी फरशीवर सांडलं.

"अवो इंदूबाई, पडंन ना तो!"

"पडू द्या. तो तुमच्या सहीचा आहे, वही माह्या सहीची आहे."

वहीचे कोपरे फुगले होते, वरच्या पुठ्ठ्यावर पायाची गोल खूण उमटली होती. पण आतलं अक्षर शाबूत. इंदूबाईंनी पदराच्या टोकानं पानं पुसत सुगतचं पान काढलं आणि वही डॉक्टरांसमोर उघडून ठेवली. "घ्या साहेब. हे खरं."

डॉक्टर वाचू लागले. सात मार्च : ट्रिपल पहिला, पोलिओ पहिला. अकरा एप्रिल : दुसरा. मग डॉक्टर थांबले. त्यांनी एक पान उलटलं, परत मागे आले, पुढची चार पानं उलटली. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

पुढची नोंद होती बारा सप्टेंबरची. मधल्या प्रत्येक बुधवारी, एकामागून एक, इंदूबाईंच्या टपोऱ्या अक्षरात एकच ओळ होती : 'फ्रिज बंद. लस उपलब्ध नाही.' खाली सही.

"हे असं लिहायचं असतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"लस नव्हती त काय लिहू? दिली म्हणून लिहू?"

 त्या पाच महिन्यांत या दवाखान्यानं वर पाठवलेले मासिक अहवाल डॉक्टरांना माहीत होते. नवीन रुजू झाल्यावर त्यांना ते आदर्श म्हणून दाखवण्यात आले होते. उद्दिष्ट शंभर टक्के. एका महिन्यात तर एकशे चार टक्के. ते अहवाल पाठवणारे डॉक्टर आता वरच्या ऑफिसात साहेब होते आणि पांढरीपांडेंचा गोपनीय शेरा तेच लिहीत.

"मॅडम," त्यांनी वही मिटली. "हे असं देता येणार नाही. शिक्क्यानिशी परदेशात जाणारा कागद आहे. देशाची अब्रू आहे. लोक काय म्हणतील, पाच महिने लस नव्हती?"

"नव्हतीच ना."

"नव्हती हे वेगळं. नव्हती असं लिहून देणं वेगळं. मी तुम्हाला मे, जून असं टाकून देतो. तुमच्याच मुलाचं रेकॉर्ड चांगलं दिसेल. नाही तर राहू द्या."

कौसल्या 'राहू देते' असं म्हणाली नाही आणि 'टाकून द्या' असंही म्हणाली नाही. पत्र पिशवीत घालून ती निघाली. फाटकापाशी इंदूबाईंनी तिला गाठलं.

"कौसल्या, उद्या बुधवार आहे. येजो सकाळी. रांगेत बसजो, पोरगं नसलं तरी चालते. इंग्रजी लिहिता येते ना वं तुले?"

"येतं."

"मंग झालं. वही मी घरी घेऊन चालली. इथं रातच्यानं पुन्हा तिच्यावर काहीतरी उभं करतीन हे."

प्रताप नगरला घरी परतल्यावर कौसल्यानं सासऱ्यांना सगळं सांगितलं. रामाजी सोमकुवर गिरणीतून रिटायर झालेले. छप्पन साली दीक्षा घेतलेल्यांतले. त्यांच्या खाटेखाली पत्र्याची एक पेटी होती, तिच्यात दाखले. चंद्रभानच्या शिक्षणात प्रत्येक पायरीवर त्यांना कोणी ना कोणी दाखला मागितला होता. दिलेला दाखला खरा कशावरून, हा पुढचा दाखला. आणि तो देणारा अधिकारी खरा कशावरून, हा त्याच्या पुढचा.

"डॉक्टर म्हणतो, चांगल्या तारखा टाकून देतो," कौसल्या म्हणाली. "एका मिनिटाचं काम आहे बाबा. आणि मुलाचं वर्ष जाईल अशी भीती वाटते मले. वर्गाबाहेर बसवलं तर? भाषा येत नाही त्याले, वरून बाहेर बसला, तर काय वाटंन त्याले?"

रामाजींनी विडी विझवली. "खरा कागद होता तवा आपल्याले तीन-तीन डाव वापस पाठवलं पोरी. खोटा घेऊन गेली त काय करतीन, इचार कर." मग म्हणाले, "आन् आपण काहून डरायचं? लस त्यायच्यापाशी नव्हती. आपण त दर बुधवारी पोरगं घेऊन जात होतो."

हे खरं होतं. चंद्रभान त्या वेळी कोराडीला वीज केंद्रात कामाला होता, सकाळच्या बसनं जायचा. पोराला काखोटीला मारून वाडीच्या खोलीतून दवाखान्यात चालत जायची ती कौसल्या. त्या पाच महिन्यांत तिनं कितीदा 'लस नाही, पुढच्या बुधवारी या' ऐकलं, याची नोंद वहीत नव्हती. तिच्या पायांत होती.

बुधवारी सकाळी दवाखान्याच्या ओसरीवर साठ-सत्तर बाया लेकरं घेऊन बसल्या होत्या. इंदूबाईंचं टेबल दाराशीच. त्यावर बर्फाचा थर्मास, स्टोव्हवर उकळणाऱ्या सुया, कार्डांचा गठ्ठा आणि दवाखान्याचा गोल शिक्का. हा शिक्का इतर दिवशी चंपतरावांच्या कुलपात असे. पण बुधवारी तो प्रत्येक कार्डावर मारावा लागे, आणि लेकरांच्या रडण्यानं चंपतरावांचं डोकं दुखे. म्हणून गेली बारा वर्षं बुधवारपुरता तो इंदूबाईंच्या ताब्यात होता. तसा लेखी आदेशच होता. चंपतरावांनीच काढलेला.

कौसल्या टेबलाच्या बाजूला स्टुलावर बसली. समोर दवाखान्याचं नाव छापलेले दोन कागद, इंदूबाईंच्या स्वतःच्या पॅडमधले, मध्ये कार्बन. इंदूबाईंनी मांडीवर वही उघडली, एका हातानं लेकराचा दंड धरला आणि सांगायला सुरुवात केली.

"लिहे. सात मार्च एकोणऐंशी. ट्रिपल पहिला, पोलिओ पहिला. लिहिलं?"

"लिहिलं."

"रडू नोको रे बाप्पा, झालं. धर वं त्याले नीट. अकरा एप्रिल. दुसरा दोन्हीचा."

"मग?"

"मंग काही नाही. मंग अठरा एप्रिल, लस नाही. पंचवीस एप्रिल, लस नाही. दोन मे, लस नाही." इंदूबाईंचा आवाज मुळातच ओसरीच्या मापाचा होता. "नऊ मे, लस नाही. सोळा मे..."

रांगेतली एक बाई उठून उभी राहिली. प्रयागबाई, वडधामन्याची. कडेवर नातू. "हे कोणत्या सालचं वाचून राहिल्या इंदूबाई?"

"एकोणऐंशीचं."

"हो ना! माह्या लहानूले तवाच वापस पाठवलं होतं. तीन डाव आली मी वडधामन्याहून पायी. मंग मी आलीच नाही."

"मले माहीत आहे. त्याचं पान सत्तावीस. दुसराच डोस झाला त्याचा, तिसरा नाहीच."

"आन् त्याले शाळेत घातलं तवा याच दवाखान्यातून कागद देला, सगळ्या लशी झाल्या म्हणून!"

बाया हसल्या. दुसरी म्हणाली, "माह्या पोरीले पण देला. ते त जल्मली होती मामाच्या गावाले, इथं एक सुई नाही टोचली तिले." तिसरीनं सांगितलं की तिला दाखला मिळाला तेव्हा त्यावर शेजारणीच्या पोराचं नाव होतं, पण शाळेनं तोही चालवून घेतला. ओसरीवर एकदम गलका झाला. पडदा सरकवून डॉक्टर बाहेर आले. मागून चंपतराव.

"हे काय चाललंय इंदूबाई?"

"लसीकरण, साहेब."

"ते नाही. हे." त्यांनी कौसल्याच्या कागदाकडे बोट केलं. "मी सांगितलं होतं ना, मी सही करणार नाही म्हणून?"

"तुम्हाले कोण मागून राहिलं? सही मी करीन."

"तुम्ही कोण?"

"लस टोचणारी." इंदूबाईंनी कौसल्याकडे पाहिलं. "दाखव वं त्याईले."

कौसल्यानं फाईलमधल्या मराठी भाषांतराची तिनं ठेवलेली दुसरी प्रत वाचली. अगदी वर्गात वाचतात तशी, सावकाश. "'खाली डॉक्टरची, किंवा ज्या अधिकृत व्यक्तीनं लस दिली तिची सही असावी.' आवक क्रमांक दोनशे चौदा. याच्या फाईलमधल्या प्रतीवर 'पाहिले' म्हणून तुमची सही आहे डॉक्टरसाहेब."

डॉक्टरांनी चंपतरावांकडे पाहिलं. चंपतराव आभाळाकडे पाहू लागले. ज्या भाषांतरात आपण स्वतः स्वल्पविराम घातला, ते आता नाकारणं त्यांच्या प्रशासकीय प्रामाणिकपणाला परवडणारं नव्हतं.

"शिक्का मात्र मिळणार नाही," चंपतराव म्हणाले. आणि म्हणता म्हणताच त्यांना तो टेबलावर दिसला.

"लिहे पुढं," इंदूबाई म्हणाल्या. "बारा सप्टेंबर, तिसरा डोस, दोन्हीचा. चार फेब्रुवारी एक्याऐंशी, बूस्टर, दोन्हीचा. ते एक्याऐंशीच्या वहीत आहे, मी तपासलं. ट्रिपल चार, पोलिओ चार. मंग त्या बाईनं काय काय मागितलं अजून?"

"गोवर, गालगुंड आणि जर्मन गोवर."

"नाही दिल्या. इथं येतच नाहीत. लिहे तसं."

कौसल्यानं लिहिलं. डॉक्टर तिच्या खांद्यावरून वाचत होते. "'दवाखान्यात ही लस उपलब्ध नाही' हे कशाला लिहायचं? नुसतं 'नाही दिली' लिहा ना. आणि वर ते एप्रिल ते सप्टेंबर 'लस उपलब्ध नव्हती'... हे तर त्या बाईंनी विचारलंही नाही!"

"विचारतील तर उत्तर तयार असू द्या," कौसल्या म्हणाली. "मुलाची आई निष्काळजी होती असं वाटायला नको त्यांना. मी एकही बुधवार चुकवला नाही. चुकवला तो दवाखान्यानं. ज्याचं आहे त्याच्या नावावर लिहिलं मी."

 सत्तर बाया आणि तितकीच लेकरं एकाच वेळी गप्प राहिल्याची त्या दवाखान्याच्या इतिहासातली ही एकमेव नोंद. ती कुठल्याही वहीत नाही.

इंदूबाईंनी हात धुतले, पदराला पुसले, कागद पुढे ओढला. दोन्ही प्रतींवर सही केली. आपलं नाव त्यांना इंग्रजीत लिहिता येत होतं, पण त्यांनी ते मराठीत लिहिलं. खाली हुद्दा कौसल्यानं इंग्रजीत लिहिला. मग त्यांनी शिक्का शाईत दाबला आणि कागदावर असा हाणला की थर्मास हलला.

"मला मेमो द्यावा लागेल," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग कमी आणि दुःखच जास्त होतं.

"द्या साहेब. पण मराठीतच द्या. परिपत्रक आहे."

बाया अशा हसल्या की आत वहीच्या जागी कूलरला टेकू म्हणून लावलेली खुर्ची पडल्याचा आवाज कोणाला आला नाही. "पुढची कोण?" इंदूबाई म्हणाल्या. "आन् प्रयागबाई, लहानूले घेऊन ये पुढच्या बुधवारी. राहिलेलं टोचून देतो त्याले. सात वर्षांचा घोडा झाला असंन, धरायले दोघी या."

मेमो शुक्रवारी निघाला. 'वरिष्ठांच्या अनुमतीशिवाय परदेशी संस्थेस माहिती पुरविल्याबद्दल आपणावर कारवाई का करण्यात येऊ नये, याचा खुलासा करावा.' इंदूबाईंनी त्याच कागदाच्या मागे खुलासा लिहिला : 'नोंद मी केली. लस नव्हती. सही माझी आहे. १९७९ ची वही माझ्या कपाटात आहे, कोणाला पाहायची असल्यास बुधवारी यावे.' फाईल वरच्या ऑफिसात गेली. तिथे ती त्याच साहेबांच्या टेबलावर पोचली. कारवाई करायची तर वही मागवावी लागणार, आणि वही मागवली तर ती शेजारी ठेवायला अहवाल काढावा लागणार. साहेबांनी फाईलवर 'पाहिले' लिहिलं. इंदूबाईंची वेतनवाढ वेळेवर झाली. डॉक्टरांनी पुढचे काही दिवस दाखल्यांवर आगाऊ सह्या केल्या नाहीत. मग परत करू लागले.

रामाजींनी दुसरी प्रत पत्र्याच्या पेटीत ठेवली. त्याआधी ती दोनदा हातात धरून पाहिली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. "याच्यात आपल्याले कोणी काही विचारलं नाही," ते म्हणाले. "त्यायनंच लिहून देलं, आमच्यापाशी नव्हतं म्हणून. असा कागद पेटीत एकही नव्हता."

ऑगस्टच्या शेवटी कौसल्या आणि सुगत ओहायोला पोचले. शाळेच्या पहिल्या दिवशी नर्सनं कागद घेतला. तारखा आपल्या फॉर्मवर उतरवल्या. गोवर, गालगुंड आणि जर्मन गोवराची मिळून एकच सुई असते, ती तिथल्या सरकारी आरोग्य केंद्रात टोचून घ्या म्हणाली. ते शाळेच्या समोरच होतं. लस फुकट होती. दहा मिनिटं लागली. एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांबद्दल नर्सनं काहीही विचारलं नाही. दोन डोसांत अंतर कमी पडलं तर डोस पुन्हा देतात. जास्त पडलं तर त्याला त्यांच्या नियमात काही महत्त्व नाही.